कारल्याच्या वेलाचा ‘सा’ कुठे?

22 सप्टेंबर

लोकसाहित्याच्या पदविकेचा प्रकल्प. मॅडमनी विषय आखडता घ्यायला लावला. मी ‘नाशिक जिल्ह्यातली भोंडल्याची गाणी’ असं लिहून नेलं होतं. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, “एक गाणं घे. एकच. ते जितक्या तोंडून मिळेल तितक्या तोंडून घे आणि मग सांग, ती चाल एक आहे की अनेक.”

गाणं ठरलं ‘कारल्याचा वेल’. हे न येणारी बाई नाशकात सापडणं कठीण, हे एक कारण. दुसरं असं की मी स्वतः ते लहानपणी एका चालीत म्हटलंय, माझ्या हार्मोनियमच्या क्लासमधल्या मुली वेगळ्याच चालीत म्हणतात, आणि दोघींनाही आपलीच चाल खरी वाटते.

27 सप्टेंबर

सूर्य हस्तात आला, भोंडला सुरू. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात पाटावर हत्ती काढलेला, आठ-दहा जणी फेर धरून. फोन पाटाशेजारी ठेवला आणि पहिल्याच रेकॉर्डिंगची माती केली. फेरातल्या पावलांचे ठोके गाण्यापेक्षा मोठे आलेत, मधेच कुणीतरी खिरापतीचा डबा खुळखुळवून “ओळखा” म्हणतंय, आणि दहा बायकांच्या दहा पट्ट्या. कोण काय गातंय ते कळायला मार्ग नाही.

मात्र त्यातली एक गोष्ट फुकट गेली नाही. पावलं नेमकी कुठल्या अक्षरावर पडतात ते त्यात स्वच्छ ऐकू येतं. ‘कारल्याचा वेल लाव गं सूने’ हे चार ठोके, ‘लाव गं सूने’ हे दोन, ‘मग जा आपल्या माहेरा’ हे पुन्हा चार आणि शेवटचं ‘माहेरा’ दोन. एका कडव्याला बारा ठोके. तोंडातली चाल कशीही वळली तरी पाय हे बारा ठोके सोडत नाहीत. पुढच्या सगळ्या तुलनेचा सांगाडा मला या बिघडलेल्या रेकॉर्डिंगातच मिळाला.

फेर संपल्यावर वाड्यातल्या आजींना ओसरीवर बसवून एकट्यांना म्हणायला लावलं. चौदा कडवी, न थांबता. हे रेकॉर्डिंग क्रमांक 1.

30 सप्टेंबर

सार्वजनिक वाचनालयात बसून ‘रचनाप्रकार’ हे प्रकरण लिहायचा प्रयत्न. 1840 सालचं वाचनालय, तिथे बसलं की आपणही काही जुनं आणि ठाम लिहू असं वाटतं. तसं काही झालं नाही.

वर्गात तीन शब्द शिकवले होते. स्ट्रॉफिक म्हणजे कडवी बदलतात, चाल तीच राहते. थ्रू-कंपोज्ड म्हणजे शब्द पुढे जातील तसं संगीतही नवं होत जातं, मागची चाल परत येत नाही. आणि बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं. हे तीन शेजारी शेजारी ठेवले की तीन खण वाटतात, तसे ते नाहीत. पहिले दोन चालीच्या वागण्याबद्दल आहेत, तिसरा शब्दांच्या कामाबद्दल. बॅलड स्ट्रॉफिक असू शकतं, थ्रू-कंपोज्डही असू शकतं.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण लोकगीताच्या बाहेरचं आहे. गटेची ‘एर्लक्योनिग’ ही कविता, आजारी पोराला घोड्यावर घेऊन रात्री निघालेल्या बापाची गोष्ट. 1782 मध्ये ती ज्या संगीत नाटकात पहिल्यांदा आली, त्यात कोरोना श्रोटर या नटीने तिला एक छोटी, साधी चाल लावली आणि आठही कडवी त्याच चालीत म्हटली. 1815 मध्ये शूबर्टने तीच कविता थ्रू-कंपोज्ड केली. बाप, पोर, भूत प्रत्येकाला वेगळा पट्टा, आणि पोराची हाक दर वेळी आदल्या वेळेपेक्षा वर चढते. शब्द तेच. श्रोटरच्या गाण्यात भीती गाणाऱ्याच्या आवाजावर सोपवलेली आहे, शूबर्टमध्ये ती कागदावर लिहिलेली आहे.

लोकगीत पाठांतरावर चालतं, म्हणून ते सहसा श्रोटरच्या बाजूला असतं. कुठे काही लिहून ठेवलेलं नसताना प्रत्येक कडव्याला नवी चाल कोण लक्षात ठेवणार? एक चाल पक्की बसली की चौदा कडवी तिच्यावर टांगता येतात.

आपल्याकडे मात्र ‘बॅलड’चा एक घोळ आहे. अ‍ॅकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शाळिग्रामांबरोबर पोवाडे गोळा केले, ते 1891 मध्ये छापून आले, आणि 1894 च्या इंग्रजी भाषांतराच्या नावात त्याने पोवाड्याला ‘बॅलड’ म्हटलं. गोष्ट सांगणं या अर्थाने ते बरोबर आहे. पण इंग्रजी बॅलड चार ओळींच्या एकाच चालीवर शेवटपर्यंत जातं, तर शाहीर चौक बदलताना चाल बदलतो, मधे गद्यात बोलतो, झीलकऱ्यांना ‘जी जी’ करायला लावतो. तेव्हा ‘पोवाडा म्हणजे बॅलड, बॅलड म्हणजे स्ट्रॉफिक’ अशी साखळी लावली की फसलंच. मी पहिल्या मसुद्यात लावली होती. खोडली.

गंमत म्हणजे इंग्रजी बॅलडची खरी बहीण आपल्याकडे भोंडल्यात आहे. गमर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने बॅलडची एक खूण सांगितली: ओळ जवळजवळ तशीच्या तशी परत येते, फक्त एक शब्द बदलतो आणि त्या एका शब्दाने गोष्ट पुढे सरकते. कारल्याचा वेल लाव गं सूने. लावला हो सासूबाई. कोंब येऊ दे गं सूने. आला हो सासूबाई. फूल, मग कारलं, मग भाजी. अख्खी गोष्ट एका बदलत्या शब्दावर चालते आणि सून जागची हलत नाही.

4 ऑक्टोबर

लिप्यंतराला बसले. आधी प्रत्येक सुरावट जशीच्या तशी लिहून शेजारी शेजारी ठेवायची असं वाटलं होतं. दोन तासांत कागद भरला आणि काहीच दिसेना. हरकती, मींड, श्वास, खोकला सगळं एकाच वजनाचं होऊन बसतं.

मग जुन्या लोकांनी काय केलं ते पाहिलं. बार्टोकने हंगेरीची गाणी लावताना, फिनलंडच्या क्रोनने पाडलेल्या वाटेने, सगळ्या चाली अशा सरकवून लिहिल्या की प्रत्येकीचा शेवटचा स्वर एकाच जागी येईल. मग प्रत्येक ओळ कुठल्या स्वरावर थांबते एवढाच आकडा टिपून त्यावर वर्गवारी केली. अमेरिकेतल्या ब्रॉन्सनसमोर वेगळा ढीग होता. चाइल्डने 1882 ते 1898 मध्ये 305 इंग्रजी-स्कॉटिश बॅलडं छापली, पण ती शब्दांसाठी. ब्रॉन्सन त्यांच्या चाली गोळा करत बसला, आणि ‘बार्बरा अ‍ॅलन’ या एकाच बॅलडच्या जवळजवळ दोनशे निघाल्या. त्याने चालींची ठळक लक्षणं भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवून यंत्राने गठ्ठे लावून पाहिले. 1949 मध्ये हे लिहिलं होतं, म्हणजे संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी. शेवटी त्या दोनशेंचे त्याने चार गट केले.

दोघांचं शहाणपण एकच: सगळं मोजू नका. जिथे चाल पाय रोवते तिथेच मोजा. माझे बारा ठोके त्यासाठी तयारच होते. प्रत्येक ठोक्यावरचा एक स्वर टिपायचा, बाकी सोडून द्यायचं.

पंचवटीच्या आजींचं नेहमीचं कडवं असं उतरलं:

सा ग प म | प म | ग म ग रे | रे सा

पहिल्या दोन तुकड्यांच्या शेवटी ‘ने’ मध्यमावर टेकतो, तिसरा ऋषभावर आणि चौथा षड्जावर.

एक व्यावहारिक नोंद. आजींनी सुरुवात काळी चारमध्ये केली आणि बाराव्या कडव्याला त्या पांढरी सहामध्ये होत्या. अर्धा स्वर वर. साथीला वाद्य नसेल तर हे होतंच. पहिल्या कडव्यात ‘सा’ ठरवून पुढे तोच धरून लिहीत गेलं असतं तर अखेरच्या कडव्यांत भलतेच कोमल-तीव्र स्वर निघाले असते. दर कडव्याला ‘सा’ नव्याने लावून घ्यायचा.

9 ऑक्टोबर

सिन्नरला मावशींकडे. फेर नाही, स्वयंपाकघरात, गॅस बंद करून. मावशींना फोन दिसला की त्या सुगम संगीतासारखं गाऊ लागतात, म्हणून दोनदा म्हणायला लावलं आणि दुसरं ठेवलं.

सा सा प म | ध म | ग ग ग रे | रे सा

आजींशी ताडून पाहिलं. दुसरा, पाचवा आणि आठवा ठोका वेगळा, बाकी नऊ तेच. ओळींचे शेवटही तेच. बारापैकी नऊ. मी वहीत लिहिलं, ‘सिन्नरची चाल पंचवटीहून तीन ठिकाणी भिन्न.’ लिहिताना बरं वाटलं.

13 ऑक्टोबर

आज ते वाक्य खोडलं.

पर्सी ग्रेंजर हा संगीतकार 1906 मध्ये फोनोग्राफ घेऊन लिंकनशरच्या खेड्यांत गेला. त्या काळी गोळा करणारे कानाने ऐकून एक कडवं लिहून घेत आणि खाली ‘बाकीची याच चालीत’ असं लिहीत. ग्रेंजरने मेणाच्या नळीवरून पुन्हा पुन्हा ऐकून एकाच गायकाची सगळी कडवी लिहून काढली आणि 1908 मध्ये छापली. कडव्याकडव्याला चाल हलत होती. त्याचं म्हणणं होतं की ही गायकाची चूक नव्हे, हे त्याचं गाणंच आहे.

म्हणून आजींची चौदाही कडवी ठोक्यांवर उतरवली. पूर्ण दिवस गेला, क्लासही बुडवला. पहिलं आणि सहावं कडवं घेतलं तर बारापैकी दोन ठोके वेगळे: दुसरा आणि पाचवा. ‘कारल्याला कोंब येऊ दे गं सूने’ या ओळीत अक्षरं जास्त आहेत. ती चार ठोक्यांत कोंबायची तर दुसऱ्या ठोक्याशी गर्दी होते आणि आजी तिथे वर न चढता षड्जावरच पटपट बोलून मोकळ्या होतात. म्हणजे सिन्नरच्या मावशी जे नेहमी करतात, तेच आजी अडचण आली की करतात.

तेव्हा ‘तीन ठिकाणी भिन्न’ याला काय अर्थ उरला? दुसरा ठोका आजींच्या स्वतःच्याच गाण्यात हलतो. पाचवाही, तिथे दहाव्या कडव्यात त्यांनीच धैवत घेतलाय. दोन गावांतला म्हणून खरा फरक एकच उरतो, आठवा.

आणि उलट बाजूने पाहिलं तर तिसरा, चौथा, दहावा आणि बारावा ठोका आजींच्या चौदा कडव्यांत एकदाही हलला नाही. प, म, रे, सा. चाल म्हणजे स्वरांची एक ओळ नव्हे. काही खुंट्या घट्ट आणि काही सैल अशी ती एक चौकट आहे. ‘स्ट्रॉफिक म्हणजे चाल तीच’ यातला ‘तीच’ हा शब्द या चौकटीपुरताच खरा.

मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग आता प्रत्येकीची किमान पाच कडवी उतरव.” मला हे आधी कळायला हवं होतं की शोधाचं बक्षीस म्हणून जास्तीचं काम मिळतं.

19 ऑक्टोबर

सटाण्याहून आलेल्या एका आक्कांचं रेकॉर्डिंग. माहेर चाळीसगावचं. गाणं त्यांनी भोंडल्यात नाही, भुलाबाईत शिकलेलं. शब्द थोडे वेगळे, पण बारा ठोके तेच. शेवटच्या ‘माहेरा’वर न थांबता त्या थेट पुढच्या कडव्यात जातात. मी म्हटलं, “आक्का, जरा थांबून म्हणा ना.” त्यांनी मान हलवली. “आमनाकडे असंच म्हनतस.”

घरी येऊन बार्टोकच्या नियमाने शेवटचा स्वर ‘सा’ धरला आणि लिहिलं:

नि॒ रे म ग॒ | ग॒ ग॒ | रे ग॒ रे सा | रे सा

(पहिला निषाद मंद्रातला.) कोमल गंधार, कोमल निषाद! पंचवटीशी ताडलं तर बारापैकी फक्त दोन जुळतात, तेही अगदी शेवटचे. मला फार आनंद झाला. खानदेशी भुलाबाईची चाल मुळातच वेगळी, नाशिक ही सरहद्द, वगैरे. रात्री साडेअकराला अर्धं प्रकरण लिहून झालं. ‘काफीच्या अंगाची’ असंही लिहिलं.

21 ऑक्टोबर

आनंद दोन दिवस टिकला.

आज क्लासमध्ये आक्कांचं रेकॉर्डिंग लावलं असताना नववीतली एक मुलगी पेटीवर सोबत वाजवत होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिने सरळ आजींचीच चाल वाजवली आणि ती बसली. फक्त अखेरीला तिचा हात षड्जावर उतरला आणि आक्का वर ऋषभावर राहिल्या. ती म्हणाली, “बाई, या आजी खाली येतच नाहीत.”

आक्कांचा शेवटचा स्वर ‘सा’ नाहीच, तो ‘रे’ आहे. तसं धरून सगळं एक स्वर वर सरकवलं:

सा ग प म | म म | ग म ग रे | ग रे

कोमल स्वर गायब. पंचवटीशी नऊ जुळतात. न जुळणाऱ्या तिघांतला पाचवा ठोका तर सैलच ठरलेला आहे. खरा फरक अखेरच्या दोन ठोक्यांचा: आक्का कडवं बंद करत नाहीत, पुढच्यासाठी दार उघडं ठेवतात.

रेकॉर्डिंग तेच, कान तेच. ‘सा’ कुठे धरला एवढ्यावर दोनचे नऊ झाले.

हा बार्टोकचा दोष म्हणू नये. हजारो चाली एका सूचीत लावायच्या तर काहीतरी एक खुंटी सगळ्यांना सारखी हवी, आणि शेवटचा स्वर निदान वाद न होता सापडतो. पण सूचीत शोधायची सोय वेगळी आणि नातं ठरवणं वेगळं. ज्या चाली फक्त शेवटाला वळतात, त्या सख्ख्या बहिणी सूचीत एकमेकींपासून लांब जाऊन बसतात. आणि आजींच्या चौदा कडव्यांत बारावा ठोका अजिबात हलत नव्हता, म्हणून मी तो सगळ्यात भरवशाचा समजले होते. एका बाईच्या तोंडी घट्ट असलेली खुंटी दोन बायकांमध्ये सगळ्यात सैल निघाली.

24 ऑक्टोबर

कालपासून एक शंका. मला नऊ हवे होते म्हणून तर मी ‘सा’ सरकवला नाही? जुळेपर्यंत सरकवत राहिलं तर काहीही जुळेल.

दोन तपासण्या केल्या.

पहिली आक्कांच्या गाण्यातच. गाण्याच्या अखेरीला सूनेला जायची परवानगी मिळते, तिथे ‘आणा फणी, घाला वेणी’ सुरू होतं. ओळी आखूड होतात, लय दुप्पट, आणि चाल बदलते. चौदा कडवी स्ट्रॉफिक चाललेलं गाणं इथे मोडतं. हा तुकडा मी ‘चालीचा भाग नाही’ म्हणून उतरवलाच नव्हता. आज उतरवला. ‘गेली राणी माहेरा’ म्हणताना आक्का खाली उतरतात आणि थांबतात, त्याच षड्जावर, जो त्या मुलीने पेटीवर धरला होता. मी सोडून दिलेल्या तुकड्यातच गाण्याचा ‘सा’ होता.

दुसरी तपासणी परक्या गाण्याने. सिन्नरच्या मावशींचं ‘अक्कणमाती’ घेतलं, त्याचे पहिले बारा ठोके आजींच्या ‘कारल्या’समोर ठेवले, आणि पेटीच्या बाराही स्वरांवर एकेक करून ‘सा’ धरून पाहिला. जिथे सगळ्यात जास्त जुळले तिथे पाच. म्हणजे दोन असंबंधित गाणीही मनासारखा ‘सा’ निवडला की पाचापर्यंत जातात. त्यात नवल नाही, भोंडल्याची गाणी पाच-सहा स्वरांतच फिरतात, काही ना काही जुळणारच. तेव्हा नऊ हा आकडा शून्यापासून मोजायचा नाही, पाचापासून मोजायचा. तरीही तो नऊच राहतो, पण आता मी सहा जुळले म्हणून कुणाला बहिणी ठरवणार नाही.

19 तारखेचं अर्धं प्रकरण काढून टाकलं. ‘काफी’ शब्दासकट.

2 नोव्हेंबर

रेकॉर्डिंगं आता नऊ. त्यांतली सहावी आणि आठवी, एक इंदिरानगरची ताई आणि एक निफाडची काकू, बारापैकी बारा जुळल्या. ‘आपल्या’वरची बारीक मुरकीसुद्धा तीच. आठवडाभर हे माझं सर्वांत भक्कम उदाहरण होतं: पहा, चाल किती टिकून राहते.

पण आजी स्वतःशीसुद्धा बारापैकी बारा जुळत नाहीत. मग दोन अनोळखी बायका कशा जुळतात? दोघींना फोन करून विचारलं, गाणं कुणाकडून आलं. दोघी लहानपणी एकाच शाळेत, वर्षं वेगळी. एकाच बाईंनी गॅदरिंगसाठी पेटीवर बसवलेलं. बाईंनी चौदाही कडवी अगदी एकसारखी करून घेतली होती, अक्षरं जास्त झाली तिथे शब्द कापून.

दोन रेकॉर्डिंगं, साक्ष एकच. तक्त्यात त्यांना एका ओळीत घातलं. सॅम्युअल बेयार्डने एका चालीपासून फुटलेल्या चालींना ‘कुटुंब’ म्हटलं, तेव्हा त्याने वंशाबरोबर अनुकरणही धरलं होतं. मी वंशच शोधत बसले होते, आणि हे शाळेतलं बसवणं म्हणजे चक्क अनुकरण. दोन्हींतला फरक स्वर बघून कळत नाही. विचारावं लागतं.

इंदिरानगरच्या ताईंकडून आणखी एक मिळालं. सासूचं कडवं आणि सूनेचं उत्तर यांत तिसरा तुकडा वेगळा आहे: सासू वरून खाली येते, सून खालून वर जाते. मग चालीचं एकक कडवं नाही, कडव्यांची जोडी आहे. निफाडच्या काकूंचंही ऐकलं, तिथेही तसंच. हे बाईंचं डोकं की बाईंना कुणाकडून आलेलं, ते दोघींनाही सांगता आलं नाही.

10 नोव्हेंबर

दहावं रेकॉर्डिंग घरातलंच. आईंना, म्हणजे सासूबाईंना, आजवर विचारलं नव्हतं. सासूला समोर बसवून ‘लाव गं सूने’ म्हणायला लावायचं धाडस नव्हतं, हे खरं. त्याच म्हणाल्या, “गावभर फिरतेस, मला नाही विचारलंस.” माहेर येवल्याचं.

बारा ठोके तेच. आणि कडव्याचा शेवट आक्कांसारखाच, न थांबता वरच राहिलेला, पुढच्या कडव्यात घुसणारा. मी फणी-वेणीची वाट पाहत होते, कारण ‘सा’ तिथेच पक्का होणार होता. भाजी झाली, ताटं वाढून झाली, उष्टी काढून झाली. मग त्यांनी पुन्हा वेल लावायला सुरुवात केली.

“आई, फणी-वेणीचं?”

“ते आमच्याकडे नाही.”

“मग ती माहेरी कधी जाते?”

“जात नाही ती. खिरापत येईपर्यंत म्हणायचं.”

मी तानपुऱ्याचं ॲप लावून पुन्हा म्हणायला लावलं. मी दिलेल्या षड्जाला त्यांनी कडव्याचा शेवट निमूटपणे जुळवून घेतला. पट्टी बदलून दिली तर तिलाही जुळवला. त्यातून काही सिद्ध झालं नाही, फक्त मी जे दिलं ते मला परत मिळालं.

तक्त्यात दहाव्या ओळीला दोन आकडे लिहिलेत. ‘सा’ शेवटाला धरला तर तीन, एक स्वर खाली धरला तर नऊ. दोन्हींच्या पुढे ‘शेवट’ नावाचा रकाना आहे. तिथे आडवी रेघ ओढली.